सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही? अलान्याच्या मच्छीमारांनी हे कोडं कसं सोडवलं

'ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स' हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, आणि बहुतेकांच्या डोक्यात त्याचा अर्थ असतो की लोक स्वार्थी असतात म्हणून सामायिक गोष्टीची वाट लागते. पण खरी गंमत अशी आहे की लोक अजिबात दुष्ट नसले, अगदी तुमच्या-माझ्यासारखे साधे असले, तरी वाट लागते. ती का लागते हे आधी आकड्यात बघू, कारण आकड्यात बघितल्याशिवाय पुढची युक्ती कळत नाही.

समजा एक गायरान आहे, १० गुराखी आहेत, प्रत्येकाच्या १० गायी. म्हणजे एकूण १०० गायी, आणि प्रत्येक गाय दिवसाला १० लिटर दूध देते. कुरण आता भरलंय, म्हणजे इथून पुढे एक गाय जरी वाढली तरी गवत सगळ्यांनाच थोडं कमी पडणार आणि प्रत्येक गायीचं दूध ०.१ लिटरने घटणार असं धरू. आता एक गुराखी अकरावी गाय आणतो. त्याचं दूध होतं ११ गुणिले ९.९, म्हणजे १०८.९ लिटर. आधी १०० होतं, म्हणजे त्याला जवळजवळ ९ लिटरचा फायदा. बाकीच्या नऊ जणांचं प्रत्येकी १०० वरून ९९ होतं, एका लिटरने काय फरक पडतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण नऊ जणांचे मिळून ९ लिटर गेले आणि याला मिळाले ८.९, म्हणजे गावाचं एकूण दूध घटलं. गाय वाढली आणि दूध घटलं!

आता बाकीचे काय डोळे मिटून बसणारेत? सगळ्यांनीच अकरावी गाय आणली की ११० गायी, प्रत्येकीला ९ लिटर, प्रत्येकाच्या वाट्याला ९९. म्हणजे गाय विकत घेतली, तिचं शेण काढलं, आणि दूध आधीपेक्षा एक लिटर कमी. तरी पुढची गाय आणायचा मोह संपत नाही, कारण बारावी आणणाऱ्याला एकट्याला १०६.८ मिळतात. आणि जो शहाणा म्हणतो की मी आपल्या दहाच ठेवतो, कुरण वाचायला हवं, त्याला बाकीच्यांच्या अकरा-अकरा असताना मिळतात फक्त ९१. म्हणजे संयम पाळणारा सगळ्यात जास्त बुडतो. सगळे पंधरा-पंधरावर पोचले की प्रत्येकाच्या हातात ७५ लिटर उरतात, आणि हे सगळं होत असताना एकाही माणसाने एकही मूर्ख निर्णय घेतलेला नसतो, हे लक्षात घ्या.

हे गुराख्यांचं उदाहरण गाजवलं गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने, १९६८ साली 'सायन्स' या साप्ताहिकातल्या लेखात. त्याचा मूळ मुद्दा खरं तर लोकसंख्येचा होता, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते गायरान. आणि त्यातून दोनच उपाय निघतात असं पुढे सगळ्यांनी धरून ठेवलं: एकतर सरकारने ताबा घ्यावा आणि दंडुका दाखवावा, नाहीतर कुरणाचे तुकडे करून ज्याचा त्याला विकून टाकावे. पुढे बऱ्याच वर्षांनी हार्डिननेच मान्य केलं की आपण 'व्यवस्था नसलेलं' गायरान असं म्हणायला हवं होतं. पण तोवर जगभर धोरणं ठरवणाऱ्यांच्या डोक्यात हे दोन पर्याय पक्के बसले होते.

दोन्हीत अडचण आहे. सरकारी दंडुक्यासाठी सरकारला कळायला हवं की कुरण किती गायी झेलतं, कोणाच्या किती आहेत, कोण चोरून आणतंय, आणि हे कळायला माणसं ठेवायची तर त्यांचा पगार आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्यांचा पगार, कारण कुंपणानेच शेत खाल्लं तर? तुकडे करायचे तर कुरणाचे होतीलही, समुद्रातल्या माशांचे कसे करणार. मासा आज इथे, उद्या तिथे.

आता माशांवरूनच मुख्य गोष्टीकडे येतो.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर अलान्या नावाचं गाव आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले मच्छीमार एकमेकांच्या जिवावर उठले होते. साधारण १०० मच्छीमार, छोट्या होड्या, एका होडीत दोन-तीन माणसं, निरनिराळ्या प्रकारची जाळी. भांडण कशावरून? तर जागेवरून. समुद्र मोठा असला तरी मासा चांगला लागतो अशा जागा मोजक्या, आणि तिथे आधी कोण पोचतो याची रोजची शर्यत. मग काय, रात्रीच निघा, जास्त डिझेल जाळा, दुसऱ्याचं जाळं ओढून बाजूला करा, हातघाईवर या. म्हणजे मासे कमी होण्याच्या आधीच कमाई शर्यतीतच संपायला लागली होती, आणि आज आपल्याला काय मिळेल याचा कुणालाच अंदाज नसायचा.

मग तिथल्या सहकारी संस्थेतल्या लोकांनी एक पद्धत बसवायला घेतली. निम्म्याच्या आसपास मच्छीमार तिचे सभासद होते. ही पद्धत एका बैठकीत जमली नाही, दहाएक वर्षं चुकत-माकत, बदलत बदलत बसली. फिकरेत बेर्केस नावाच्या अभ्यासकाने ती बघून लिहून ठेवली म्हणून आपल्याला माहीत आहे. पद्धत अशी.

दर सप्टेंबरला परवाना असलेल्या सगळ्या मच्छीमारांची यादी करायची, संस्थेचा सभासद असो नसो. हे महत्त्वाचं आहे, कारण बाहेर ठेवलेला माणूस नियम मोडायला मोकळा असतो. दुसरी यादी जागांची. जिथे जिथे जाळं टाकता येतं अशा प्रत्येक जागेला नाव. आणि जागा इतक्या अंतरावर ठरवलेल्या की एकाच्या जाळ्याने शेजारच्याचा मासा अडू नये. हे अंतर किती असावं हे नकाशावर बसून ठरत नाही. कुठे प्रवाह कसा वळतो, मासा कुठून आत येतो हे ज्याने तिथे वीस वर्षं जाळं टाकलंय त्यालाच सांगता येतं, एखाद्या अधिकाऱ्याला ते शिकायला तिथेच बिऱ्हाड करावं लागलं असतं.

मग चिठ्ठ्या. चिठ्ठीत जी जागा निघेल तिथून तुमची सुरुवात. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एक जागा पूर्वेला सरकायचं. तिसऱ्या दिवशी आणखी एक. जानेवारीपर्यंत असं रोज पूर्वेला, आणि जानेवारीनंतर मे पर्यंत रोज एक जागा पश्चिमेला.

पूर्व-पश्चिम हे कशासाठी, तर सप्टेंबर ते जानेवारी मासा पूर्वेकडून पश्चिमेला सरकतो आणि नंतर उलटा फिरतो. म्हणजे माणसं कायम माशांच्या समोरून येतायत! विचार करा, जर माणसं माशांच्याच दिशेने सरकली असती तर ज्याच्या चिठ्ठीत सुरुवातीला झुंडीची जागा निघाली तो झुंडीबरोबर चालत राहिला असता आणि शेवटचा कोरडाच राहिला असता. समोरून गेल्यामुळे झुंड प्रत्येकाच्या वाटेत येते. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कागदावर रेघा मारून खात्री करून घेतली होती, इतकी साधी आणि इतकी नेमकी आहे.

पण वाटणी न्यायाची झाली म्हणून लोक ती पाळतात असं नाही. न्यायाच्या वाटण्या जगात खूप होतात आणि पहिल्या आठवड्यात मोडतात. अलान्याची खरी करामत राखणीत आहे.

एक सकाळ धरून चला. माझी पाळी आज भिकार जागेवर आहे, तिथे दिवसभर बसून जाळं रिकामंच येणार हे मला माहीत आहे. तीन जागा सोडून पलीकडे उत्तम जागा आहे. चोरून तिथे जाऊन जाळं टाकू का? प्रश्न असा की आज तिथे कोणाची पाळी आहे. ज्याची आहे तो त्या दिवसाची वाट बघत बसलेला असणार, तो आज आजारी असला तरी येणार, उजाडायच्या आत येणार. म्हणजे चोरी करण्याजोगी जी जागा असते नेमक्या त्याच जागेवर मालक हजर असतो, आणि ज्या जागेवर कुणी येत नाही तिथे चोरायला काही नसतं. मी तिथे गेलो की तो मला बघणार, माझी होडी ओळखणार, आणि गरज पडली तर हाताने बाजूला काढणार. आणि बाकीचे कुणाची बाजू घेणार? त्याचीच, कारण उद्या ती जागा दुसऱ्याची, परवा तिसऱ्याची, आज त्याचा हक्क गेला तर उद्या माझाही जाणार हे प्रत्येकाला दिसतं. जे थोडे प्रकार झाले ते गावातल्या कॉफीच्या दुकानात बसून मिटले.

म्हणजे इथे पहारेकरी नाही, गस्तीची होडी नाही, पगार नाही. राखण होतेच, पण ती मासेमारी करता करता आपोआप होते. ज्याचं नुकसान होणार तोच माणूस, त्याच वेळी, त्याच जागी उभा असतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ बाईंनी अशी जगभरची उदाहरणं गोळा करून १९९० साली पुस्तक लिहिलं, त्यात अलान्या आहे, आणि या कामासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांनी टिकलेल्या व्यवस्थांमध्ये सारख्या सापडणाऱ्या आठ गोष्टी काढल्या, त्या सगळ्या मी इथे मोजून दाखवत बसत नाही, कारण मला वाटतं निम्म्याहून जास्त गोष्टी शेवटी एकाच प्रश्नाला येऊन मिळतात: लबाडी पकडायला खर्च किती येतो?

हाच प्रश्न घेऊन डोंगरात जाऊ. स्वित्झर्लंडमध्ये ट्योर्बेल नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी १४८३ साली एका कागदावर सह्या करून उंचावरची कुरणं, जंगल, पडीक जमीन यांचा कारभार बघायला संघटना केली. शेतं आणि गवताचे पट्टे ज्याचे त्याचे खाजगी, पण उन्हाळ्यात गुरं चरायला जातात ती वरची कुरणं सामायिक. म्हणजे अगदी हार्डिनचं चित्र. आणि १५१७ सालचा नियम असा की जेवढ्या गायी तुम्ही हिवाळ्यात पोसू शकता तेवढ्याच उन्हाळ्यात वर पाठवायच्या. एकही जास्त नाही.

हा नियम पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. कुरण किती गायी झेलेल हे मोजणं महाकठीण, दरवर्षी पाऊस वेगळा, गवत वेगळं, आणि त्यावर वाद घालायला वाव भरपूर. पण तुमच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गायी होत्या हे सगळ्या गावाला माहीत असतं. बर्फात गाय लपवणार कुठे, आणि खायला काय घालणार, गवत तर तुमच्याच पट्ट्यातून यायला हवं आणि तो पट्टा केवढा आहे हे शेजाऱ्याला पाठ असतं. बाहेरून उन्हाळ्यापुरत्या गायी विकत आणून फुकटचं गवत खायला घालायचं हा जो सगळ्यात मोठा मोह, तोच कापला गेला. वर हंगामाच्या शेवटी चीज वाटायचं ते गायींच्या संख्येवर, त्यामुळे वर गेलेल्या गायी नीट मोजल्या जाणारच होत्या, तीच मोजणी इथेही वापरली. आणि जास्त गायी पाठवणाऱ्याला दंड करायचा अधिकार असलेल्या माणसाला त्या दंडातला अर्धा स्वतःला ठेवता यायचा. म्हणजे त्याच्याकडून कानाडोळा व्हायची शक्यता कमी.

वरच्या दहा गुराख्यांच्या गणितात आता हा नियम घालून बघा. अकरावी गाय आणायची तर आधी तिच्यासाठी सहा महिन्यांचं गवत स्वतःच्या जमिनीतून काढावं लागेल. कुरण तसंच फुकट आहे, पण तिथे जायचं तिकीट आता महाग झालंय.

पाण्याचंही असंच. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या आसपासच्या कालव्यांवर शेकडो वर्षं पाळीने पाणी घेतात. तुमची पाळी आली की दार उघडायचं, पिकाला लागेल तेवढं घ्यायचं, वाया घालवायचं नाही, आणि पाळी चुकली तर फेरा पूर्ण होईपर्यंत थांबायचं. यात पाटकरी असतोच, पण खरा पाटकरी म्हणजे पुढच्या पाळीचा शेतकरी. तो आपलं दार उघडायला वेळेआधी येऊन उभा असतो आणि तुम्ही दार उशिरा लावलंत तर त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. तुम्हालाही तुमच्या आधीच्याला असंच बघायचं असतं. वाद झाला तर दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय बसतं, तिथे शेतकऱ्यांनी निवडलेले लोक तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल देतात. हे आजही चालू आहे.

इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही ती म्हणजे दंड. अशा जुन्या व्यवस्थांमध्ये दंड अगदी किरकोळ असायचे. दुष्काळात पाणी चोरलं तर पीक वाचणार, म्हणजे फायदा केवढा, आणि दंड दिडकीचा! आपल्याला वाटतं याने कोण घाबरणार, जबर शिक्षा हवी. पण नीट बघा, पहिल्यांदा चुकणारा माणूस बहुतेक वेळा अडचणीत आलेला असतो, पीक डोळ्यासमोर जळत असतं. त्याला पहिल्याच फटक्यात उद्ध्वस्त केलं तर तो नियमाचा कायमचा शत्रू होतो, आणि दंड करणारे त्याचेच शेजारी असल्यामुळे जबर दंड करायला त्यांचाही हात धजत नाही, मग दंड कागदावरच राहतो. छोटा दंड मात्र खरंच होतो. त्यातून दोन निरोप जातात. चुकणाऱ्याला कळतं की आपण पकडलो गेलो आणि पुढच्या वेळीही जाऊ, आणि बाकीच्यांना कळतं की नियम मोडणारे पकडले जातायत, म्हणजे नियम पाळणारे आपण एकटेच येडे नाही. हे दुसरं जास्त मोलाचं. दहा गायीवाल्या शहाण्याला ९१ लिटरवर बसावं लागत होतं ते आठवा, त्याला फक्त एवढीच खात्री हवी असते की बाकीचेही दहावरच आहेत. पुन्हा पुन्हा मोडणाऱ्याला दंड चढत जातो, ते वेगळं.

आता सरकार यात कुठेच नाही असं जर वाटत असेल तर ते तितकंसं खरं नाही. अलान्यात जागांची यादी प्रत्येक मच्छीमाराच्या मान्यतेने तयार झाली की ती दरवर्षी महापौराकडे आणि तिथल्या जांडार्मा पोलिसांकडे नेऊन ठेवायचे. सहकारी संस्थांना 'स्थानिक व्यवस्था' करायचा अधिकार देणारा देशाचा कायदा होता, त्याचा आधार संस्थेने घेतला. म्हणजे नियम सरकारने बनवले नाहीत, राखले नाहीत, पण ते मोडीतही काढले नाहीत. हे शेवटचं फार महत्त्वाचं असतं. तुम्ही दहा वर्षं खपून पद्धत बसवायची आणि एखाद्या दिवशी वरून कुणीतरी म्हणायचं की तुमच्या यादीला कायद्यात अर्थ नाही, तर पहिला लबाड माणूस तोच कागद घेऊन तुमच्यासमोर उभा राहतो.

आणि आता मर्यादा, कारण अलान्याची गोष्ट सांगताना हे बहुतेक वेळा गाळलं जातं. त्या पद्धतीने जागेचा प्रश्न सुटला. कोण कुठे आणि कधी, एवढंच तिने ठरवलं. एकूण मासा किती पकडायचा याला तिच्यात कुठेच लगाम नाही. ट्योर्बेलमध्ये गायींची संख्याच बांधलेली आहे, अलान्यात होड्यांची बांधलेली नाही, परवानाधारक वाढले तर यादी लांबते आणि प्रत्येकाला चांगली जागा जास्त दिवसांनी मिळते. म्हणजे भांडण मिटणं आणि मासा वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या ठिकाणी सगळे गुण्यागोविंदाने नांदतायत म्हणून साठा सुरक्षित आहे असं समजू नये, ते तपासायचं असेल तर तेवढ्याच कष्टाला वर्षागणिक किती मासा लागतो ते बघावं लागतं.

दुसरी मर्यादा बघायला त्याच देशात पश्चिमेला, बोद्रुमला जावं लागेल. तिथेही छोटे मच्छीमार होते, तिथेही सहकारी संस्था होती. पण १९७० च्या दशकात सरकारच्या उत्तेजनाने मोठे ट्रॉलर आले. सुरुवातीला कमाई बरी झाली, ती बघून आणखी लोक आले. आणि लोक म्हणजे एका प्रकारचे नव्हेत: छोटे मच्छीमार, मोठे ट्रॉलरवाले, घरापुरते मासे पकडून उरलेले विकणारे, हौशी गळवाले, भाल्याने मासे मारणारे पाणबुडे, आणि पर्यटकांना फिरवताना त्यांच्या जेवणासाठी मासे पकडणारे बोटवाले. संस्थेने छोटे आणि ट्रॉलरवाले यांच्यात किनाऱ्याजवळच्या पट्ट्यावरून चाललेलं भांडण सोडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि शेवटी ती संस्थाच बंद पडली.

अलान्याची युक्ती इथे का चालली नसती ते आता सांगता येतं. पर्यटकांच्या बोटीवर आज जो आहे तो पुढच्या सप्टेंबरच्या चिठ्ठ्यांना असेलच असं नाही. पाण्याखाली भाला घेऊन गेलेल्याची होडी ओळखता येत नाही. ट्रॉलर एका ठिकाणी उभा राहतच नाही, त्याला जागा कसली नेमून देणार. आणि हौशी गळवाल्याला कॉफीच्या दुकानात बसवून दोन शब्द सुनावायचे तर आधी त्याचं नाव तरी माहीत हवं.